धागा: चष्म्यावरची चमक काढली, पण डोळा मामांचा वाटत नाही. काय करू?

पूर्वा_सक्करदरा

नमस्कार मंडळी. मामा-मामींच्या लग्नाला पुढच्या महिन्यात 50 वर्षं होतात. त्यानिमित्त मामांचा एक फोटो 16 बाय 20 इंचांत मोठा करून हॉलमध्ये लावायचा आहे. फोटो 2018 चा आहे. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्याच्या ओसरीत बसलेले मामा आणि त्यांचं ते अर्धवट हसू. घरात सगळ्यांना हाच हवाय, दुसरा नको.

अडचण चष्म्याची. मामांच्या उजव्या डोळ्यावर हिरवट झाक आहे, पण खालचा डोळा अंधुक दिसतो. डाव्या भिंगावर मात्र अंगणाचा पांढरा चौकोनच उमटलाय. वरची पापणी आणि अर्धं बुबुळ त्यात गडप झालंय.

एका दुकानातून दुरुस्त करून आणला. त्यांनी उजवा डोळा साफ केला, तोच उलटवून डाव्या जागी बसवला. काम स्वच्छ आहे, कुठे जोड दिसत नाही. पण मामींनी बघताक्षणी म्हटलं, "हे ह्यांचे डोळे नाहीत." मलाही तसंच वाटतं, पण नेमकं काय बिघडलंय ते सांगता येत नाही. मला फोटोशॉप बऱ्यापैकी येतं. स्वतः करायला बसले तर सुरुवात कुठून करू?

गोलू_इतवारी

मामा आहेत ना? मग चष्मा काढून नवीन फोटो काढा न ताई. काहून इतका जीव काढून राहिल्या?

पूर्वा_सक्करदरा

गोलूभाऊ, मामा ठणठणीत आहेत. पण दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून तो जाड चष्माच गेला. वाडाही पाडला. ती ओसरी आता नाही.

लेन्सवाला_सुमित

पोलरायझर फिल्टर लावला असता तर हा प्रश्नच आला नसता. साधा गोल फिल्टर, फिरवला की काचेवरची चमक गायब. पुढच्या वेळी लक्षात ठेवा.

धरमपेठ_डार्करूम

सुमित, हे अर्धंच खरं आहे. फुटाळा तलावाच्या पाण्यावरची किंवा दुकानाच्या काचेवरची चमक तिरकस कोनातून येते, तिथे फिल्टर छान चालतो. काचेच्या बाबतीत लंबरेषेपासून साधारण 56 अंशांच्या आसपास त्याचा परिणाम सर्वांत जास्त. पण माणूस कॅमेऱ्याकडे तोंड करून बसला की चष्म्याची काच जवळजवळ समोरासमोर येते. त्या चमकेतला प्रकाश ध्रुवित नसतोच, मग फिल्टर कितीही फिरवा, ती कमी होणार नाही. स्टुडिओत दिव्यावरही पोलरायझर लावला तर गोष्ट वेगळी. ओसरीतल्या उजेडावर कुठून लावणार?

पूर्वा, सांगतो. आयुष्य रीटचिंगमध्ये गेलं. निगेटिव्हवर पेन्सिल चालवायचो तेव्हापासून हे काम करतोय. आधी दोन्ही भिंगांना एकच रोग आहे असं धरू नकोस. उजव्या भिंगावर पडदा आहे, डाव्यावर भोक आहे. पडद्यामागचा डोळा परत मिळवता येतो. भोकात काहीच उरलेलं नसतं, तिथे नवा बांधावा लागतो. दुकानदाराने दोन्हींवर एकच उपाय केला.

मूळ फाईल आहे का? व्हॉट्सॲपवरून आलेली असेल तर आधी ज्याने काढला त्याच्याकडून मूळ माग. व्हॉट्सॲप फोटो लहान करतं आणि रंगाची बारकाई आणखी पुसतं. आपल्याला नेमकी तीच लागणार आहे.

वैशाली_कॅलिफोर्निया

माझाही हाच प्रॉब्लेम! आईच्या अमेरिकन व्हिसाच्या फोटोत चष्म्यावर चमक आलीय. वर लिहिलंय तसं फोटोशॉपमध्ये काढून दिली तर चालेल ना?

धरमपेठ_डार्करूम

नाही वैशालीताई, अजिबात नको. अमेरिकेच्या पासपोर्ट आणि व्हिसाच्या फोटोत नोव्हेंबर 2016 पासून चष्माच चालत नाही. शिवाय संगणकावर चेहरा बदललेला फोटो ते घेत नाहीत. आईला चष्मा काढून बसवा आणि नवा फोटो काढा. आपलं इथलं काम भिंतीवरच्या फोटोचं आहे.

पूर्वा_सक्करदरा

काका, मूळ फाईल मावसभावाकडे मिळाली. जेपेगच आहे, पण पूर्ण आकाराची. उजव्या भिंगापासून सुरू करते.

धरमपेठ_डार्करूम

छान. आता चॅनल्सच्या पॅनलमध्ये जा आणि लाल, हिरवा, निळा असे एकेक करून बघ. Ctrl+3, Ctrl+4, Ctrl+5. मामांच्या भिंगावर चमक कमी करणारा लेप होता, म्हणून उरलेली चमक हिरवट आली. म्हणजे तिचा बहुतेक जोर हिरव्या चॅनलवर आहे. लाल चॅनलमध्ये काय दिसतं ते सांग.

पूर्वा_सक्करदरा

काका!! लाल चॅनलमध्ये उजवा डोळा जवळजवळ पूर्ण दिसतोय. पापणीचे केससुद्धा. हिरव्यात सगळं दूध सांडल्यासारखं आहे, निळं त्या दोघांच्या मधलं. इतके दिवस मी रंगीत फोटोकडेच बघत बसले होते.

गोलू_इतवारी

मी पण माझ्या बाबांच्या फोटोत पाहिलं. बाबांच्या चष्म्यावर जांभळी-निळी चमक आहे, तिथं निळा चॅनल पार गेला अन् लाल एकदम मस्त. जमते भाऊ!

धरमपेठ_डार्करूम

बरोबर. चमकेचा रंग बघितला की कुठला चॅनल वाचला असेल याचा अंदाज येतो. पांढऱ्या चमकेत तिन्ही सारखे जातात, म्हणून डाव्या भिंगावर ही युक्ती चालणार नाही.

पूर्वा, आता लेयरची प्रत काढ. त्या प्रतीवर `Image > Apply Image` उघड, चॅनल Red, ब्लेंडिंग Normal. प्रत करडी होईल. तिचा मोड Luminosity कर, काळा मास्क लाव आणि मऊ ब्रशने फक्त हिरव्या डागावर उघड. उजेड आणि बारकाई लाल चॅनलची येईल, रंग खालचाच राहील. एक सांभाळ. आपल्या कातडीत लाल भरपूर असतो, त्यामुळे लाल चॅनलमधली पापणी आजूबाजूपेक्षा उजळ दिसेल. त्याच प्रतीवर कर्व्हज लावून ती खाली आण. किती आणायची ते बाहुली सांगते. बाहुली काळी असणार हे आपल्याला ठाऊक आहे. चमकेखाली ती राखाडी झाली आहे. ती चेहऱ्यावरच्या सर्वांत गडद जागेइतकी, म्हणजे नाकपुडीच्या आतल्या सावलीइतकी झाली की थांब. त्यापुढे गेलीस तर डोळ्यात काजळ घातल्यासारखं दिसेल.

मग त्याच्यावर रिकामा लेयर घे, मोड Color. फ्रेमच्या बाहेरच्या पापणीवरून कातडीचा रंग उचल आणि हिरवटपणावर फिरव. बुबुळासाठी बुबुळाचाच रंग घे. पांढऱ्या भागाला पांढरा रंग देऊ नकोस, तो कधीच पांढरा नसतो. वयस्क माणसाचा तर किंचित पिवळसर असतो.

अमोल_गिम्प

गिम्प वापरणाऱ्यांसाठी: लाल चॅनल वेगळा काढायला `Colors > Components > Extract Component`, त्यात RGB Red. लेयरचा मोड Luminance. बाकी काकांनी सांगितलं तसंच. फुकटात होतं.

मंजिरी_रामदासपेठ

मला एक वेगळंच म्हणायचंय, रागावू नका. चमक राहिली तर काय बिघडलं? त्या चौकोनात त्या वाड्याचं अंगण आहे! वाडा पाडलाय असं पूर्वाच म्हणते. आपण अंगण पुसून डोळा रंगवायला निघालोय. उजव्या डोळ्यात निदान खरी माहिती होती, ती बाहेर काढली. डाव्यात जे येईल ते खरं नसेल.

पूर्वा_सक्करदरा

मंजिरीताई, खरं सांगू, मोठं करून बघितलं तर त्या चौकोनात तुळशीवृंदावनाची कड दिसते. वाईट वाटलंच. मूळ फाईल तशीच जपून ठेवणार आहे. पण हॉलमध्ये मामा एका डोळ्याने बघतायत असं नको.

धरमपेठ_डार्करूम

मंजिरीताईंचा मुद्दा मी हलका धरत नाही. म्हणूनच मी दुसऱ्याचा डोळा कधी आणत नाही. त्याच माणसाचा आणतो, शक्यतो त्याच दिवसाचा. पूर्वा, त्या दिवशीचे आणखी फोटो आहेत का? मान थोडी वळली की चमक भिंगावर सरकते. एखाद्यात डावा डोळा मोकळा असेलच.

लेन्सवाला_सुमित

पण उलटवलेल्या डोळ्यात वाईट काय? दोन डोळे सारखेच असतात.

चष्माघर_निशा

मी चष्म्याच्या दुकानात बसते, रोज माणसांचे डोळे जवळून बघते. दोन डोळे सारखे नसतात सुमितदादा. एक पापणी थोडी खाली असणं अगदी नेहमीचं. पूर्वा, मामांचा आताचा चष्म्याशिवायचा समोरून फोटो असेल तर डाव्या पापणीकडे बघ.

आणि नंबर किती होता? मायनस असेल तर भिंगातून डोळा लहान दिसतो. एका नंबरमागे साधारण सव्वा ते दीड टक्का. मायनस 6 म्हणजे सात-आठ टक्क्यांच्या आसपास. भिंग डोळ्यापासून किती लांब बसतं त्यावर थोडं कमीजास्त होतं. आताच्या फोटोतला डोळा उचलून तसाच चष्म्यामागे ठेवला तर तो मोठा दिसेल आणि भिंग खोटं वाटेल. भिंगातून गालाची कडही आत सरकलेली दिसते. तिला हात लावू नकोस, नंबरचा चष्मा ओळखू येतो तो तिच्यामुळेच.

पूर्वा_सक्करदरा

निशाताई, नंबर दोन्हीकडे मायनस साडेपाच-सहाच्या आसपास होता असं मामी म्हणतात. आणि पापणी बघितली. डावी खाली आहे! बुबुळाचा वरचा भाग जरा जास्त झाकते. जन्मभर मामांना बघतेय, कधी जाणवलं नव्हतं. मामींना मात्र दुकानाच्या फोटोत पहिल्या सेकंदाला खटकलं.

त्याच दिवसाचा एक फोटोही मिळाला. डावा डोळा चमकेतून मोकळा आहे. पण त्यात मामा मामींकडे बघतायत, बुबुळ कोपऱ्यात गेलंय. आणि चेहरा थोडा लहान आलाय.

धरमपेठ_डार्करूम

मग काम झालं म्हण. डोळा हा एक तुकडा आहे असं समजू नकोस. पापण्या, पापणीची घडी, केस आणि कोपरा हे सगळं त्या दुसऱ्या फोटोतल्या डाव्या डोळ्याचं घे. तो त्याच भिंगातून दिसतोय, म्हणून निशाताईंनी सांगितलेला सात-आठ टक्क्यांचा हिशोब इथे लावायचा नाही. चेहरा लहान आलाय तेवढाच मोठा कर. माप फ्रेमच्या रुंदीवरून घे, डोळ्यावरून घेऊ नकोस.

बुबुळ उजव्या डोळ्याचं घे, पण उलटवू नकोस. दुकानाच्या कामात दुसरी चूक हीच असणार. ओसरीत उजेड कुठून येत होता?

पूर्वा_सक्करदरा

अंगण मामांच्या उजव्या हाताला. फोटोत बघताना डावीकडे.

धरमपेठ_डार्करूम

म्हणजे उजव्या बुबुळातला चमकता ठिपका घड्याळात दहा वाजतात त्या जागी असेल. डोळा उलटवला की तो दोन वाजताच्या जागी जातो. मग एका डोळ्याला उजेड डावीकडून, दुसऱ्याला उजवीकडून. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण नजर तिरळी किंवा काचेची वाटते. बुबुळ गोल असतं, ते न उलटवता उचललं तरी बसतं, आणि ठिपका जागच्या जागी राहतो. पापण्या उलटवून चालत नाहीत असं नाही, पण तुझ्याकडे डाव्या पापण्या आहेत, मग गरजच नाही.

क्रम असा ठेव. आधी डोळ्याचा पांढरा भाग, त्यावर बुबुळ, त्यावर पापण्यांचा लेयर. वरची पापणी बुबुळाचा माथा झाकेल आणि तिची बारीक सावली बुबुळावर पडायला हवी. ती विसरली की डोळा वटारल्यासारखा दिसतो. सावलीला Multiply मोडचा लेयर घे, पापणीचाच गडद तपकिरी रंग, मऊ ब्रश, अगदी फिका.

फ्रेमच्या काठाला लागून काम करताना हीलिंग ब्रश वापरू नकोस, तो फ्रेमचा काळा रंग कातडीत ओढतो. तिथे क्लोन स्टॅम्प, मोड Darken. चमक उजळ असते, त्यामुळे फक्त तीच झाकली जाते, गडद फ्रेम तशीच राहते.

विनय_महाल

बुबुळ किती आत-बाहेर ठेवायचं ते कसं ठरवायचं? मी एकदा आत्याच्या फोटोत केलं होतं. सगळं जमलं, पण आत्या माझ्या कानाकडे बघत होत्या.

धरमपेठ_डार्करूम

विनय, पूर्वाच्या बाबतीत नशीब चांगलं आहे. चौकोनाने अर्धंच बुबुळ खाल्लंय, खालची कड मूळ फोटोत शिल्लक आहे. ती कमान जुळवली की मध्य आपोआप सापडतो. पूर्ण बुबुळ गेलेलं असेल तर मी ठिपक्यांवर भरवसा ठेवतो. बाहुलीच्या मध्यापासून ठिपका दोन्ही डोळ्यांत सारख्याच दिशेला आणि जवळजवळ सारख्याच अंतरावर हवा. तरीही मान वळलेली असली तर अंदाजच असतो. त्याला पक्का नियम माझ्याजवळ नाही.

पूर्वा_सक्करदरा

करून बघितलं. खालच्या कमानीवर बुबुळ बरोबर बसलं. मामा माझ्याकडे बघतायत! पण एक गोष्ट खटकते. आता चष्म्यात काचच नाही असं वाटतं, नुसती फ्रेम अडकवल्यासारखी. आणि नवा भाग जरा गुळगुळीत दिसतो.

चष्माघर_निशा

काच दिसण्यासाठी थोडी चमक हवीच. दुकानात शोभेच्या फ्रेममध्ये भिंग नसलं की लांबूनही कळतं.

धरमपेठ_डार्करूम

मूळ चमकेचा लेयर वर ठेव आणि दहा-पंधरा टक्क्यांवर आण. बुबुळावरून मास्कने पूर्ण काढ, भिंगाच्या वरच्या बाहेरच्या कोपऱ्यात राहू दे. उजव्या भिंगावरही थोडा हिरवटपणा परत येऊ दे. दोन्ही भिंगं एकाच चष्म्याची दिसली पाहिजेत.

मंजिरीताई, त्या कोपऱ्यात तुळशीवृंदावनाची कड राहील.

गुळगुळीतपणाचं कारण असं. तू तुकडा मोठा केलास, त्यात मूळ फोटोचे दाणे विरघळले. वर एक लेयर घे, 50 टक्के करडा, मोड Overlay, त्यात `Add Noise`, Gaussian आणि Monochromatic. नवा भाग आणि गाल शेजारी ठेवून 100 टक्क्यांवर बघ, दाणा सारखा दिसेल तिथे थांब. मोबाईलचा फोटो आहे, फार थोडा लागेल.

मंजिरी_रामदासपेठ

कोपरा राहतोय म्हणून बरं वाटलं. माझं मत तसं बदललेलं नाही. मी मामी असते तर चौकोनासकट लावला असता. पण त्यांना डोळे हवे असतील तर त्यांचंच खरं.

अमोल_गिम्प

दहा-पंधरा टक्के मला जास्त वाटतात. प्रिंटवर हॉलच्या दिव्यांची चमक पडणार ती वेगळीच. मी पाचावर थांबलो असतो.

धरमपेठ_डार्करूम

अमोल, दिव्यांसाठी कागद मॅट घ्यायचा आणि फ्रेमला काच लावायची नाही. चष्म्याच्या भिंगात पाच टक्के चमक 16 इंचांच्या प्रिंटमध्ये दिसणारसुद्धा नाही. पण हे डोळ्यांचं काम आहे, पूर्वाने दोन्ही काढून बघावं.

पूर्वा_सक्करदरा

दोन्ही केले. आधी पूर्ण फोटो आडवा उलटवून बघितला, तेव्हा डाव्या पापणीची सावली जरा जास्त वाटली. ती कमी केली. मग डोळ्यांपुरता भाग खऱ्या मापात छापून मामींसमोर ठेवला, पाच टक्के आणि बारा टक्के. कुठला कसा केला ते सांगितलं नाही. मामींनी बारा टक्क्यांचा उचलला आणि म्हणाल्या, "हा घे. ह्यात ते माझ्यावर हसू दाबतायत."

मामांनी मात्र पाचवाला निवडला. त्यांच्या मते त्यात ते तरुण दिसतात.

गोलू_इतवारी

पन्नास वर्षांनंतर निर्णय कोणाचा चालते, हे विचारायची गरज नाही ताई.

पूर्वा_सक्करदरा

बारा टक्क्यांचाच छापतेय. 😊 मॅट कागद, काच नाही. अजून एक विचारायचं राहिलं काका. मामींच्या चष्म्यावरही थोडी चमक आहे, पण ती सोनेरी-पिवळट. तिथे कुठला चॅनल बघू?

धरमपेठ_डार्करूम

पिवळं म्हणजे लाल आणि हिरवा दोन्ही भरलेत, निळा बघ. पण मोबाईलच्या जेपेगमध्ये निळ्या चॅनलला दाणे फार असतात. तो थेट वापरू नकोस, आधी थोडा मऊ कर. पापणीचे केस त्यातून येतील, कातडीचा पोत येणार नाही, तो बाहेरच्या गालावरून आणावा लागेल. फोटोचा तेवढा तुकडा इथे टाक, बघून सांगतो.